दोन लाख चार हजार कुठून आले : ग्रॅच्युइटीच्या एका प्रश्नाचा हिशेब

प्रश्न : सर, मी चोपड्याचा. कामगार कायद्याच्या स्पर्धा परीक्षेची तयारी करतो आहे. सराव प्रश्नसंचातला हा प्रश्न काही केल्या जमत नाही. "जळगावच्या एका दाल मिलमध्ये एक कामगार ४ फेब्रुवारी २००९ रोजी मासिक पगारावर लागला आणि ३० सप्टेंबर २०२५ रोजी राजीनामा देऊन बाहेर पडला. शेवटचा पगार : मूळ वेतन १४,३००, महागाई भत्ता ६,५००, घरभाडे भत्ता २,६००, ओव्हरटाइम २,६०० रुपये. फेब्रुवारी २०१४ पासूनच्या सेवावर्षात तो चार महिने आजारपणाच्या मंजूर बिनपगारी रजेवर होता, त्यामुळे त्या वर्षी प्रत्यक्ष काम २०५ दिवसच झाले. त्याला ग्रॅच्युइटी किती मिळेल? (अ) १,९२,००० (ब) १,७६,८०० (क) २,०४,००० (ड) २,५५,०००." मी २४० दिवस न भरलेले वर्ष वजा केले, माझे उत्तर (अ) आले. मित्राचेही (अ) आले, पण तो म्हणतो की शेवटचे सात महिने धरायचे नाहीत. उत्तरसूचीत (क) आहे. आणि सात महिन्यांचे एक वर्ष होत असेल, तर माझा चुलत भाऊ कंपनीतून चार वर्षे सात महिन्यांनी निघाला, त्याला पाच वर्षांची ग्रॅच्युइटी का मिळाली नाही?

उत्तर :

उत्तरसूची बरोबर आहे. तुम्ही आणि तुमचे मित्र वेगवेगळ्या चुका करून एकाच आकड्यावर पोहोचला आहात, आणि प्रश्न काढणाऱ्याने (अ) हा पर्याय बहुधा त्यासाठीच ठेवला असावा. तुम्ही दोघांनी मिळून दोन्ही चुका एकत्र केल्या असत्या तर पंधरा वर्षांचे १,८०,००० रुपये आले असते, ते पर्यायांत नाहीत, आणि मग तरी शंका आली असती.

राजीनाम्याची तारीख ३० सप्टेंबर २०२५ आहे, म्हणून या प्रश्नाला उपदान प्रदान अधिनियम, १९७२ हाच ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० हिने घेतली आहे. तिच्यामुळे काय बदलते ते पुढे सांगतो. मिल कारखाना असल्यामुळे कायदा लागू होण्याबद्दल वाद नाही. दुकान किंवा अन्य आस्थापना असती, तर मागील बारा महिन्यांत एखाद्या दिवशी तरी दहा माणसे कामावर होती का, हे आधी पाहावे लागले असते.

आता तुमच्या अडचणीचे मूळ पाहू. या कायद्यात काळ मोजण्याच्या दोन वेगळ्या पट्ट्या आहेत आणि बहुतेक विद्यार्थी त्यांची सरमिसळ करतात. खरे सांगायचे तर मिलचे मुनीम आणि काही वकीलही करतात. पहिली पट्टी पात्रतेची : कामगाराने पाच वर्षांची सलग सेवा केली आहे का? दुसरी पट्टी रकमेची : पात्र ठरलेल्या माणसाला किती वर्षांचे पैसे द्यायचे? सहा महिन्यांचा नियम फक्त दुसऱ्या पट्टीवर आहे. २४० दिवसांचा नियम सलग सेवेच्या व्याख्येत, म्हणजे कलम २अ मध्ये आहे, आणि त्याचा स्वभाव तुम्ही समजता त्याच्या अगदी उलट आहे.

कलम २अ च्या पहिल्या उपकलमानुसार ज्या काळात नोकरी अखंडित राहिली तो सर्व काळ सलग सेवा होय. आजारपण, अपघात, रजा, परवानगीशिवाय गैरहजेरी, ले-ऑफ, संप, टाळेबंदी किंवा कामगाराचा दोष नसताना काम बंद पडणे, यांपैकी काहीही घडले तरी सेवा खंडित होत नाही. गैरहजेरीबाबत एकच अपवाद आहे, तो म्हणजे स्थायी आदेशांप्रमाणे किंवा सेवेच्या नियमांप्रमाणे त्या गैरहजेरीला सेवेतील खंड मानणारा आदेश मालकाने रीतसर काढलेला असला पाहिजे. नुसते हजेरीपटावर लाल शाईने "गैरहजर" लिहून हा आदेश होत नाही.

हे उपकलम लागू झाले की तपासणी तिथेच संपते. दुसऱ्या उपकलमात, म्हणजे २४० दिवसांच्या नियमात, शिरायचे कारणच उरत नाही. ते उपकलम "जो कामगार पहिल्या उपकलमाच्या अर्थाने सलग सेवेत नाही" त्याच्यासाठी आहे. काही कारणाने ज्याची सेवा मध्येच तुटलेली दिसते, जसे की बदली कामगार किंवा मधूनमधून बोलावला जाणारा मजूर, त्याने बारा महिन्यांत प्रत्यक्ष २४० दिवस काम केले असेल तर त्याचे ते वर्ष सलग मानायचे. जमिनीखालच्या खाणीत आणि आठवड्याला सहा दिवसांपेक्षा कमी चालणाऱ्या आस्थापनेत हा आकडा १९० आहे. म्हणजे २४० दिवस हा बुडणाऱ्याला दिलेला दोर आहे, पोहणाऱ्याच्या पायात अडकवण्याचा नाही. तुमच्या प्रश्नातील कामगार आजारपणाच्या मंजूर रजेवर होता आणि त्याची नोकरी कधीच तुटली नव्हती. त्यामुळे २०५ दिवस हा आकडा प्रश्नात फक्त विद्यार्थ्याला चकवण्यासाठी आहे. ते वर्ष पूर्ण धरले जाते.

हा घोळ आजचा नाही. सोलापूरच्या लक्ष्मी विष्णू टेक्स्टाइल मिल्सच्या कामगारांच्या प्रकरणात १९८१ साली सर्वोच्च न्यायालयाने तेव्हाच्या मजकुराचा अर्थ लावताना प्रत्यक्ष कामाच्या २४० दिवसांवर भर दिला होता. त्यानंतर १९८४ च्या दुरुस्तीने वर सांगितलेले कलम २अ आले आणि नोकरी चालू असलेल्या कामगाराची रजा, आजारपण व गैरहजेरी सेवेत धरली जाऊ लागली. तुमच्याकडच्या एखाद्या जुन्या गाइडमध्ये "प्रत्येक वर्षी २४० दिवस आवश्यक" असे वाक्य असेल, तर ते त्या जुन्या काळाचे आहे असे समजा.

आता तुमच्या मित्राची चूक. ४ फेब्रुवारी २००९ पासून ३ फेब्रुवारी २०२५ पर्यंत १६ वर्षे पूर्ण झाली. त्यानंतर ४ फेब्रुवारी ते ३० सप्टेंबर म्हणजे सात महिने आणि २७ दिवस. कलम ४(२) प्रत्येक पूर्ण वर्षासाठी "किंवा सहा महिन्यांहून अधिक असलेल्या त्याच्या भागासाठी" पंधरा दिवसांचे वेतन द्यायला सांगते. हा भाग सहा महिन्यांपेक्षा जास्त असल्यामुळे त्याचे एक पूर्ण वर्ष धरायचे आणि सेवा १७ वर्षे होते. "हून अधिक" या शब्दांकडे लक्ष द्या. हाच कामगार ३ ऑगस्ट २०२५ ला निघाला असता, तर वरचा भाग बरोबर सहा महिन्यांचा राहिला असता आणि सेवा सोळाच वर्षे धरली गेली असती. ४ ऑगस्टला निघाला असता तर सतरा. एका दिवसात बारा हजारांचा फरक पडतो, म्हणून राजीनामा लिहून द्यायला आलेल्या माणसाला मी आधी रुजू होण्याची तारीख विचारतो.

पुढची पायरी वेतनाची. ग्रॅच्युइटीसाठी वेतन म्हणजे मूळ वेतन आणि महागाई भत्ता. घरभाडे भत्ता, ओव्हरटाइम, बोनस, कमिशन आणि इतर भत्ते १९७२ च्या कायद्यात बाहेर ठेवले आहेत. म्हणून १४,३०० अधिक ६,५०० म्हणजे २०,८०० रुपये. (ड) हा पर्याय चारही रकमांची बेरीज, म्हणजे २६,००० रुपये, धरून काढलेला आहे.

इथे एक गोष्ट परीक्षेपेक्षा व्यवहारात जास्त उपयोगी पडते. महाराष्ट्रात किमान वेतनाच्या अधिसूचनेप्रमाणे पगार देणारे मालक महागाई भत्त्याच्या रकान्याला "विशेष भत्ता" म्हणतात, कारण अधिसूचनेतच तो शब्द आहे. तो दर सहा महिन्यांनी राहणीमान निर्देशांकाप्रमाणे बदलतो, म्हणजे नाव काहीही असले तरी तो महागाई भत्ताच आहे. माझ्याकडे आलेल्या एका प्रकरणात मालकाने "इतर भत्ते कायद्याने वगळले आहेत" असे म्हणून हा सगळा विशेष भत्ता हिशेबातून काढला होता आणि कामगाराच्या हाती जवळपास अर्धी रक्कम टेकवली होती. पगाराच्या चिठ्ठीवरील नाव पाहून भत्ता वगळायचा नसतो. तो कशाच्या बदल्यात दिला जातो, ते पाहायचे असते.

आता भागाकार. मासिक पगाराच्या कामगाराचा एका दिवसाचा पगार काढताना महिन्याला २६ ने भागायचे, ३० ने नाही. महिन्याचा पगार हा चार साप्ताहिक सुट्या वगळून उरणाऱ्या कामाच्या दिवसांचा मोबदला आहे, हा त्यामागील विचार श्री दिग्विजय वुलन मिल्स प्रकरणात १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला, आणि १९८७ च्या दुरुस्तीने कलम ४(२) च्या स्पष्टीकरणात तो सरळ लिहूनच टाकला. म्हणून

२०,८०० ÷ २६ = ८०० रुपये रोज
८०० × १५ = १२,००० रुपये दर वर्षामागे
१२,००० × १७ = २,०४,००० रुपये

(ब) हा पर्याय ३० ने भागून आलेला आहे. २०,८०० ला ३० ने भागून १५ ने गुणले की १०,४०० येतात, म्हणजे बरोबर अर्धा महिना, आणि सतरा वर्षांचे १,७६,८००. या चुकीत कामगाराचे २७,२०० रुपये जातात. मिलच्या कचेरीत ही चूक सर्वांत जास्त दिसते, कारण "पंधरा दिवस म्हणजे अर्धा पगार" हे मनात इतके पक्के असते की कोणी भागाकार करतच नाही. कामगारानेही ती सहज ओळखावी. वर्षामागची रक्कम बरोबर अर्ध्या पगाराइतकी आली असेल, तर भागाकार ३० ने झालेला आहे. २६ ने भागले की ती रक्कम पगाराच्या ५७ टक्क्यांच्या थोडी पुढे जाते. कमाल मर्यादा २९ मार्च २०१८ पासून वीस लाख रुपये आहे, तिचा इथे संबंध येत नाही.

आता तुमच्या चुलत भावाकडे वळतो, कारण तो प्रश्न मला मूळ प्रश्नापेक्षा महत्त्वाचा वाटतो. सात महिन्यांचे एक वर्ष होते हे खरे, पण ते रक्कम मोजताना. कलम ४(१) मधील पात्रतेत "पाच वर्षांपेक्षा कमी नाही इतकी सलग सेवा" असे शब्द आहेत, तिथे सहा महिन्यांना वर चढवण्याची सोय नाही. आधी दार उघडले पाहिजे, मग आत किती पोती आहेत ती मोजायची. चार वर्षे सात महिन्यांनी निघालेला माणूस दारातच अडतो.

मग चार वर्षे २४० दिवसांचे काय, असे तुम्ही विचाराल. मद्रास उच्च न्यायालयाने मेत्तूर बियर्डसेल प्रकरणात असे धरले की पाचव्या वर्षी २४० दिवस काम झाले असेल, तर कलम २अ(२) मुळे ते वर्ष सलग सेवेचे पूर्ण वर्ष ठरते आणि पाच वर्षांची अट भागते. इथे मात्र २४० दिवसांचा दोर त्याच्या खऱ्या कामाला येतो. तुमच्या भावाला तोही पुरणार नाही, कारण पाचव्या वर्षाचे सात महिने म्हणजे सगळे वार धरूनही २१२ ते २१५ दिवस होतात. तो चार वर्षे साडेनऊ महिन्यांनी निघाला असता आणि पाचव्या वर्षाच्या हजेरीपटावर, समजा, २४४ दिवस असते, तर त्याच्याकडे भांडायला चांगला मुद्दा होता. मी "भांडायला" म्हणतो, कारण मद्रासचा निर्णय महाराष्ट्रात मार्गदर्शक आहे, बंधनकारक नाही, आणि कायद्यातील "पाच वर्षे" या शब्दांवर बोट ठेवून मालक विरोध करतोच. अशा माणसाला माझा सल्ला असतो की पैशाचा प्रश्न असेल, तर शक्य असल्यास आणखी अडीच महिने काढा आणि वादच मिटवा. मृत्यू किंवा अपंगत्वामुळे नोकरी संपली असेल, तर पाच वर्षांची अटच नाही, हे लोक विसरतात आणि विधवा बायकोला "तीनच वर्षे झाली होती" म्हणून परत पाठवतात.

प्रश्नकर्त्याने दाल मिलऐवजी जिनिंग घेतली असती, तर उत्तर फार बदलले असते, आणि खान्देशात तो प्रश्न जास्त खरा ठरला असता. कापसाच्या हंगामापुरत्या चालणाऱ्या जिनिंगमध्ये जो कामगार वर्षभर नसतो, त्याला दर हंगामामागे पंधरा नव्हे तर सात दिवसांचे वेतन मिळते. त्याची सलग सेवा २४० दिवसांवर मोजत नाहीत. जिनिंग जितके दिवस चालली, त्यातील किमान ७५ टक्के दिवस तो कामावर होता का, एवढेच पाहतात. एखाद्या हंगामात जिनिंग १५० दिवस चालली, तर त्याचे ११३ दिवस भरले पाहिजेत. ५२० रुपये रोजाने आठ हंगाम केलेल्या कामगाराचा हिशेब ५२० गुणिले ७ गुणिले ८, म्हणजे २९,१२० रुपये होतो. मात्र त्याच जिनिंगचा चौकीदार किंवा मेकॅनिक बारा महिने पगारावर असेल, तर त्याला पंधरा दिवसांचाच हिशेब लागतो. मालक "आमची आस्थापना हंगामी" म्हणून सगळ्यांना सातच्या रकान्यात बसवतो, तेव्हा उन्हाळ्यातील पगाराची नोंद शोधा.

नव्या संहितेत पंधरा दिवस, २६ चा भागाकार, सहा महिन्यांचा नियम आणि हंगामाचे सात दिवस तसेच आहेत. दोन गोष्टी बदलल्या आहेत. मुदतबंद करारावरील कामगाराला पाच वर्षे थांबावे लागत नाही, एक वर्षाच्या सेवेवरही त्या प्रमाणात ग्रॅच्युइटी मिळते. दुसरा बदल वेतनाच्या व्याख्येत आहे. वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर जास्तीची रक्कम वेतनात परत धरायची. तुमच्या प्रश्नात २६,००० पैकी वगळलेले ५,२०० म्हणजे निम्म्यापेक्षा बरेच कमी आहेत, म्हणून तारीख डिसेंबर २०२५ ची असती तरी उत्तर २,०४,००० च आले असते. पण एखाद्याला एकूण २३,४०० मिळत असतील आणि मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून फक्त ९,००० दाखवले असतील, तर भत्ते १४,४०० होतात, निम्मे ११,७०० आहेत, वरचे २,७०० वेतनात येतात आणि हिशेब ११,७०० वर होतो. वर्षामागची रक्कम ५,१९२ वरून ६,७५० वर जाते. पुढच्या परीक्षांत नेमका असाच प्रश्न विचारला जाईल असे मला वाटते, म्हणून प्रश्नातील नोकरी संपल्याची तारीख सर्वांत आधी वाचत चला.

वसुलीबद्दल थोडे, कारण हाच विषय पुढे लेखी परीक्षेत आणि प्रत्यक्ष नोकरीत येतो. जुन्या कायद्याखाली कामगाराने नोकरी संपल्यापासून साधारण तीस दिवसांत नमुना आय मध्ये मालकाकडे अर्ज करायचा असतो, पण उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही आणि अर्ज आला नाही तरी रक्कम ठरवून कळवण्याची जबाबदारी मालकाचीच आहे. रक्कम देय झाल्यापासून तीस दिवसांत दिली नाही, तर सरळ व्याज लागते, आणि ते त्या तीस दिवसांनंतरचे नव्हे तर देय झालेल्या दिवसापासूनचे. अधिसूचित दर दहा टक्के आहे. तुमच्या कामगाराच्या बाबतीत वर्षाला २०,४०० म्हणजे महिन्याला १,७०० रुपये होतात. तरीही मालक देत नसेल, तर नमुना एन मध्ये कंट्रोलिंग अथॉरिटीकडे, म्हणजे ग्रॅच्युइटीचे वाद ऐकणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, अर्ज जातो.

तिथे मालकाचा पहिला बचाव ठरलेला असतो : "हा माणूस आमच्याकडे चारच वर्षे होता." काही मालक दर चार वर्षांनी कामगाराचा राजीनामा घेऊन, थोडे पैसे हातावर ठेवून, आठ दिवसांनी नव्या नावनोंदणीने त्यालाच परत घेतात. अशा प्रकरणात नेमणूकपत्र क्वचितच सापडते. मी अशा कामगाराला आधी राज्य विमा योजनेचे जुने कार्ड आणि भविष्यनिर्वाह निधीच्या पासबुकातील पहिली नोंद आणायला सांगतो. नव्या खात्यात जुनी रुजू तारीख पुसली गेली असली, तरी विमा कार्डावरील पहिल्या नोंदणीची तारीख बहुधा तशीच राहिलेली असते. त्यानंतर प्रत्येक राजीनामा आणि पुढच्या नेमणुकीच्या मधल्या आठ दिवसांत त्याच्या जागेवर दुसरा कोणी होता का, हे हजेरीपट मागवून दाखवावे लागते.